पगार ठरलेला, बढती नाही: शिलाईच्या लाइनीवरच्या नव्या सुपरवायझरसाठी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या गणवेशाच्या कारखान्यात तुम्ही नुकतेच सुपरवायझर म्हणून लागला आहात, असं धरून हे लिहितो आहे. तुमच्या लाइनीवर वीस-बावीस मशिनं आहेत. बहुतेक ऑपरेटर बायका आहेत, त्यातल्या काही तुमच्यापेक्षा वयानं मोठ्या आणि कामात कितीतरी जुन्या. त्यांचा पगार पीसवर नाही, तासांच्या हजेरीवर आहे. लाइनीच्या वर सुपरवायझरची एकच जागा असते आणि ती आता तुमच्याकडे आहे. म्हणजे बढतीची आशा दाखवून कुणाला कामाला लावायचं, हा रस्ता पहिल्या दिवसापासून बंद आहे. दर वाढवणं तुमच्या हातात नाही. मालकाच्या हातातही ते फार नसतं, कारण शाळेची ऑर्डर ठरलेल्या भावात घेतलेली असते.

अशा ठिकाणी ‘लोकांचं मन कामात राहत नाही’ ही तक्रार सगळे करतात. मग भिंतीवर महिन्याच्या उत्तम कामगाराचा फोटो लागतो, दिवाळीला डबा वाटला जातो, आणि फेब्रुवारीत परत तेच खाडे, तेच ‘साहेब, आज बरं नाही’. या लेखात मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे, कारण माझ्या पाहण्यात तिनं जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानंच पडत नाही. ती म्हणजे रजा. हवी त्या दिवशी रजा मिळणं, आणि ती मिळावी म्हणून लाइनीवर एकेक काम किमान तिघींना येत असणं. पगार न वाढवता तुम्ही माणसाला जे देऊ शकता त्यात सगळ्यात मोलाचं हेच आहे.

आधी गाठ कुठे आहे ते बघा

हाफ शर्टाची लाइन घ्या. खांदा जोडणारी, पट्टी लावणारी, खिसा लावणारी, कॉलर जोडणारी, बाही लावणारी, बाजू ओव्हरलॉक करणारी, शेवटी काज-बटण आणि चेकिंग. यात कॉलर जोडणं सगळ्यात नाजूक. कॉलरवर बसलेल्या अक्का (सोलापुरात मोठ्या बाईला मराठी घरातलीही अक्का म्हणते) तासाला ३५ कॉलर जोडतात असं धरा. आठ तासांचे २८० शर्ट. मागच्या-पुढच्या सगळ्या मशिनींची ताकद याहून थोडी जास्त असते, त्यामुळे लाइनीचा वेग अक्कांच्या वेगाएवढाच राहतो.

आता अक्का एक दिवस आल्या नाहीत. तुम्ही खांद्यावरच्या बाईला कॉलरवर बसवता. ती तासाला २० पर्यंत जाते, त्यातलेही काही आल्टरला, म्हणजे उसवून पुन्हा शिवायला, परत येतात. दिवसाअखेर चांगले शर्ट निघतात १५०. म्हणजे एका खाड्यात १३० शर्ट गेले. धागा कटिंगवरच्या हेल्परनं खाडा केला तर एवढं नुकसान होत नाही, कारण तिची जागा कुणीही घेऊ शकतं.

याचा परिणाम काय होतो ते नीट बघा. हेल्परनं रजा मागितली की सुपरवायझर मान हलवतो. अक्कांनी मागितली की म्हणतो, ‘अक्का, या आठवड्यात नको, ऑर्डर जायची आहे.’ पुढच्या आठवड्यात दुसरी ऑर्डर असते. जिला काम सगळ्यात चांगलं येतं तिला रजा सगळ्यात कमी मिळते, आणि पगारात फरक असलाच तर किरकोळ. अक्कांच्या शेजारच्या मशिनवरची पोरगी हे रोज बघते. कॉलर शिकून तिला काय मिळणार ते तिला दिसतंच आहे. म्हणून ती शिकत नाही, आणि तुम्ही म्हणता की हल्लीच्या पोरींना शिकायची हौस नाही.

गावाचं वेळापत्रकही ध्यानात घ्यावं लागतं. गणवेशाचं काम अंगावर येतं ते उन्हाळ्यात, कारण जूनमध्ये शाळा उघडतात. लग्नसराईही त्याच महिन्यांत, आणि सोलापूरचं ऊनही. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ, ईद. शिवाय सोलापुरातल्या अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याचा दिवस असला की घरातल्या बाईला हंडे, बॅरल, टाकी भरून झाल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, आणि पाणी कधी पहाटे येतं, कधी दहाला. ज्या सुपरवायझरला आपल्या ऑपरेटर कुठल्या भागात राहतात आणि तिथं पाणी कधी येतं हे ठाऊक नाही, त्याला हजेरीपत्रकातल्या अर्ध्या खुणांचा अर्थ कळत नाही.

पहिली पायरी: दोन आठवडे फक्त वही लिहा

आल्या आल्या काही बदलू नका. एक वही घ्या आणि प्रत्येक खाडा, प्रत्येक उशीर, प्रत्येक नाकारलेली रजा लिहा. कारण विचारा, पण जाब विचारल्यासारखं नाही. ‘काल पाणी आलं होतं का ओ तुमच्याकडं?’ असं विचारलं की खरं उत्तर येतं. ‘काल का नाही आलात?’ असं विचारलं की ‘ताप होता’ हेच येतं. न सांगता झालेले खाडे आणि आधी मागून न मिळालेल्या रजा या दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवा. बऱ्याच वेळा दोन आठवड्यांतच दिसतं की न सांगता खाडा करणाऱ्या त्याच बायका आहेत ज्यांना आधी मागून रजा मिळाली नव्हती. मागून मिळत नाही म्हटल्यावर माणूस मागायचंच सोडतो.

याच काळात पगाराबद्दलचं खरं स्वतः समजून घ्या, कारण लोक तुम्हालाच विचारणार. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैला बदलतो. दर अकुशल, अर्धकुशल आणि कुशल अशा वर्गवारीनं ठरतात. कोण कुठल्या वर्गात धरलं आहे ते ऑफिसातून बघून घ्या. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा, ओव्हरटाइमला दुप्पट दर लागतो, आणि कारखान्यातल्या कामगाराची पगारी रजा दर २० दिवस कामाला १ दिवस या हिशेबानं साठते. यातलं काही तुमच्याकडे होत नसेल तर पुढच्या पायऱ्या लावू नका, आधी ते मालकासमोर मांडा. ७ तारखेचा पगार १५ला होणाऱ्या जागी कौशल्याचा तक्ता लावला तर लोकांना ती थट्टा वाटते, आणि त्यांचं बरोबरच असतं.

दुसरी पायरी: कोणाला काय येतं त्याचा तक्ता

एक मोठा पुठ्ठा घ्या. डावीकडे वरून खाली नावं, वरच्या ओळीत कामं: खांदा, पट्टी, खिसा, कॉलर, बाही, बाजू, काज-बटण. प्रत्येक चौकोनात एक गोल काढा आणि त्याचे चार भाग करा. एक भाग भरला म्हणजे शेजारी कुणी असेल तर करता येतं. दोन भाग म्हणजे एकटीला येतं पण सावकाश. तीन भाग म्हणजे पुरा वेग आणि आल्टर नाही. चारही भाग भरले म्हणजे दुसरीला शिकवता येतं.

हा तक्ता ऑफिसात बसून भरू नका. प्रत्येकीच्या मशिनजवळ जा, तिलाच विचारा, आणि वाद झाला तर दहा पीस शिवून बघा. तीन भागांचं माप आधीच ठरवून सगळ्यांना सांगा. कॉलरसाठी ते असं ठेवता येईल: तासाला ३० आणि वीसच्या बंडलात आल्टरला एकापेक्षा जास्त नाही. माप उघड असेल तर ‘साहेबांच्या मर्जीतली’ हा शब्द उठत नाही.

तक्ता भरताना तुम्हाला बहुतेक एक गोष्ट सापडेल. कुणीतरी दहा वर्षं खिसा लावते आहे आणि तिला आधीच्या कारखान्यात कॉलरही येत होती, पण इथं कुणी विचारलंच नव्हतं. हा क्षण वाया घालवू नका. तिथल्या तिथं तिला पीस द्या आणि तिच्यासमोर गोल भरा.

तक्ता भिंतीवर लावायचा की नाही, यावर माझं मत असं: लावायचा, पण शिकवायला सुरुवात झाल्यावर. ज्या दिवशी बहुतेक गोल रिकामे आहेत त्या दिवशी लावला तर तो उणिवांची यादी वाटतो.

तक्ता उभा वाचला की तुमची गाठ दिसते. कॉलरच्या रकान्यात पूर्ण भरलेला गोल एकच, अक्कांचा. तीन भागांचं कुणीच नाही. याच रकान्यापासून सुरू करा. सगळ्यांना सगळं शिकवायला निघालात तर महिन्याभरात सगळंच सुटेल.

तिसरी पायरी: अक्कांशी बोलणं

कॉलर शिकवायची ती अक्कांनीच. त्यांच्याशी बोलायच्या आधी दुसऱ्या कुणाशी बोलू नका. आजवर त्यांना ओरडा बसत नाही, मशिन बदलावी लागत नाही, मालक नावानं ओळखतो, कारण कॉलर त्यांनाच येते. ‘दोन पोरींना शिकवा’ म्हटलं की त्यांना पहिला विचार येणार तो आपली गरज संपण्याचा. हा विचार चुकीचा नाही, तेव्हा ‘छे, तसं काही नाही’ म्हणून उडवू नका. सौदा स्पष्ट सांगा.

‘अक्का, गेल्या वर्षी तुम्हाला भाचीच्या लग्नाला दोन दिवस मिळाले नाहीत. कारण तुमच्याशिवाय कॉलर कुणाला येत नाही. दोघी तयार झाल्या की तुमची रजा मला अडवता येणार नाही. आणि पहिल्या वर्षी रजेचं पान उघडलं की पहिलं नाव तुमचं.’

‘आणि मग मला खांद्यावर टाकणार?’

‘कॉलरचं मशिन तुमचंच. बदली लागली तर तुम्हाला विचारून.’

हे शब्द तुम्ही पाळणार असाल तरच बोला, आणि बोलण्याआधी मालकाची परवानगी घ्या. एकदा दिलेला शब्द सीझनच्या गर्दीत मोडला तर लाइनीवरच्या सगळ्या जणींसमोर मोडतो, आणि तक्त्याला पुन्हा कुणी हात लावणार नाही.

चौथी पायरी: शिकवणं, आणि त्याचा हिशेब

मालक विचारणार: शिकवण्यात वेळ गेला तर माल कमी निघणार, त्याचं काय? त्याला हा हिशेब दाखवा. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी अर्धा तास, सहा आठवडे. एकूण १८ वेळा, म्हणजे ९ तास. अक्कांच्या वेगानं ९ तासांत ३१५ कॉलर होतात. शिकणारीनं त्या वेळात एकही कॉलर धड जोडली नाही असं धरलं तरी तोटा ३१५ शर्टांचा. अक्कांच्या एका खाड्यात १३० शर्ट जातात. तासाला ३० जोडणारं तयार माणूस तिथं बसलं तर दिवसाला २४० निघतात, म्हणजे त्यातले ९० वाचतात. चार खाड्यांत ३६०. म्हणजे वर्षात चार दिवस जरी कॉलरवर तयार माणूस बसलं, तरी शिकवण्याचा खर्च वसूल होऊन वर उरतं. खरा तोटा याहून कमीच असतो, कारण शिकणारी दुसऱ्या आठवड्यापासून काहीतरी चांगले पीस काढू लागते. हे सगळं पावसाळ्यात करा, शाळा उघडून गर्दी ओसरल्यावर. एप्रिलमध्ये शिकवायला काढलंत तर पहिल्याच तातडीच्या ऑर्डरीत ते बंद पडेल.

शिकवण्याची पद्धत जुनी आणि सिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या माणसांना झटपट तयार करायला ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची मोहीम चालली, तिच्यातून ही पद्धत पसरली. आधी शिकणारीला निवांत करा आणि तिला काय येतं ते विचारा. मग करून दाखवा, एका वेळी एकच टप्पा, कुठे जपायचं आणि का ते सांगत. मग तिला करू द्या, आणि करता करता तिच्याच तोंडून ‘का’ वदवून घ्या. शेवटी तिला एकटी सोडा, पण अधूनमधून येऊन बघा.

यातला ‘का’ फार महत्त्वाचा. अक्कांचे हात सगळं जाणतात, पण विचारलं तर म्हणतील, ‘असं धरायचं आणि शिवायचं.’ म्हणून एक दिवस तुम्ही त्यांच्याजवळ बसा आणि जपायच्या जागा लिहून काढा. कॉलरची मागची मधली खूण आणि शर्टाच्या गळ्याची मधली खूण जुळली पाहिजे, नाहीतर दोन टोकं पुढे वरखाली येतात. गळ्याचं कापड तिरकं कापलेलं असतं, ते ओढलं की ताणतं, मग कॉलरला उरलेला गळा चुण्या पाडतो. बँडचं टोक पट्टीच्या कडेशी अगदी सरळ भिडलं पाहिजे, थोडं जरी बाहेर राहिलं तरी वरचं बटण लावल्यावर दिसतं. अशा चार-पाच ओळी एका कागदावर मशिनजवळ लावा. कागदाच्या खाली ‘शिकवणार’ म्हणून अक्कांचं नाव लिहा. लाइनीत तेलुगू किंवा कन्नड घरची मंडळी असतील तर बोलणं त्यांच्या भाषेत होऊ द्या. अक्का ते तुमच्याहून चांगलं करतील.

पाचवी पायरी: रजेचं पान

एक माणूस तयार झालं की लगेच रजेचं पान सुरू करा, दुसऱ्याची वाट बघू नका. मोठं कॅलेंडर, सगळ्यांना दिसेल असं. नियम थोडे ठेवा: एका कामावरची एका दिवशी एकच रजा, ज्या दिवशी हवी त्याच्या आठवडाभर आधी नाव, आणि मोकळा चौकोन असेल तर सुपरवायझरला नकार द्यायचा अधिकार नाही. हा शेवटचा नियम तुम्हाला जड जाईल, पण सगळं त्याच्यावर उभं आहे. जोवर तुमच्या होकाराची गरज आहे तोवर ती तुमची मेहेरबानी आहे, आणि मेहेरबानी कुणाला मिळाली, कुणाला नाही याची चर्चा जेवणाच्या सुट्टीत होणारच.

गड्डा, रथ, ईद, लग्नाच्या तिथी यांच्यावर दोघींची नजर पडणार. तिथं पहिल्या निवडीचा मान पाळीनं द्या. पहिल्या वर्षी ज्यांनी शिकवलं त्यांना, नंतर दरवर्षी यादी एकानं पुढे सरकवा. दोघींनी आपसात अदलाबदल केली तर दोघींच्या सह्या घ्या आणि पुढे काही विचारू नका.

पाण्याच्या दिवसासाठी पूर्ण रजा लागत नाही. एक तास उशिरा येऊन एक तास उशिरा जाणं, हे आधी सांगून चालेल असं ठरवा. त्या तासाला तिच्या मशिनवर कोण बसेल ते तक्ता सांगतो. एकाच भागातल्या चौघी असतील तर चौघींना एकदम उशीर होणार, तेव्हा त्या भागाचा पाण्याचा दिवस तुमच्या पानावर आधीच लिहिलेला असू द्या. संध्याकाळचा तास बसवताना गाडीची किंवा सिटी बसची वेळ चुकत नाही ना, ते बघा. बाईला अंधारात घरी जावं लागत असेल तर ही सोय सोय राहत नाही.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथं: जिला तीन कामं येऊ लागली तिला तुम्ही रोज तीन ठिकाणी फिरवायला लागता. सकाळी खिसा, दुपारी कॉलर, चारनंतर बाजू. एकाही कामात तिचा हात बसत नाही, आल्टर तिच्या नावावर वाढतं, आणि दर तोच. ती शिकली म्हणून तिचं नुकसान झालं. हे होतंय की नाही ते वहीतून कळतं: दुसऱ्या मशिनवर बसवल्याची नोंद प्रत्येकीच्या नावापुढे ठेवा. एकच नाव वारंवार दिसायला लागलं की थांबा. आठवड्यात एक-दोन दिवसांपेक्षा जास्त बदली कुणावर येऊ देऊ नका, आणि बदलीच्या दिवसाचा पीसचा आकडा तिच्या हिशेबात धरू नका.

दुसरं, हेल्परला मशिन शिकवलं आणि ती रोज मशिनवर बसू लागली तर ती आता हेल्पर नाही. तिला तिच्या कामाच्या वर्गाचा दर मिळाला पाहिजे. इथं पगार बदलतो, आणि तो बदलून आणणं तुमचं काम आहे. कौशल्याचा तक्ता स्वस्तात कुशल काम काढून घेण्यासाठी वापरला, तर तो हातानं फाडायला लोक मागेपुढे बघणार नाहीत.

तिसरं, पूर्ण हजेरीचं बक्षीस. मालकाला हे फार आवडतं, आणि मी त्याच्या विरोधात आहे. महिनाभर एकही खाडा नाही तर अमुक रुपये, असं ठेवलं की तापानं फणफणलेली बाई मशिनवर येऊन बसते, आणि महिन्याच्या तिसऱ्या तारखेला जिचा एक दिवस गेला तिला उरलेले दिवस यायचं काही कारण उरत नाही. तो पैसा काढायचाच असेल तर मे महिन्यात पंख्यांवर आणि थंड पाण्यावर खर्च करा.

दुकानात हेच कसं

नवी पेठेतल्या कापडाच्या किंवा गणवेशाच्या दुकानात मशिनं नसतात, पण गाठ तीच असते. बिलिंगला बसणारा एकच, मापं घेणारा एकच, गोडाऊनमधला माल कुठे आहे हे माहीत असलेला एकच. जूनमध्ये पालकांची रांग लागते तेव्हा या तिघांपैकी कुणाला दुपारी जेवायलाही उठता येत नाही. तक्त्यात बिल, माप, गोडाऊन, काउंटर आणि परत आलेला माल असे पाच रकाने घ्या. मोबाईलवर फोटो काढून गोडाऊनच्या फळ्यांना नंबर दिले की गोडाऊनचं काम आठवड्यात दुसऱ्याला येतं. दुकानात मी सुरुवात तिथून करतो. बिलिंगला वेळ लागतो, कारण तिथं पैशाचा विश्वास आहे, आणि तो मालकाच्या गतीनंच वाढतो.

चाललंय की नाही, ते कसं ओळखायचं

तीन महिन्यांनी वही उघडा. एकूण खाडे कमी झाले का, हे पहिल्यांदा बघू नका. ते सुरुवातीला वाढलेलेही दिसू शकतात, कारण इतके दिवस अडलेल्या रजा आता घेतल्या जातात. बघायचं ते हे: न सांगता झालेले खाडे किती आणि पानावर नाव लिहून घेतलेल्या रजा किती. पहिला रकाना आटत आणि दुसरा भरत असेल तर गाडी रुळावर आहे. दुसरी खूण तक्त्यावर मिळते. तुम्ही न विचारता कुणी येऊन म्हणते का, ‘साहेब, मला पट्टी शिकायची आहे’? तिसरी खूण अक्कांची: त्यांनी एक तरी रजा मनासारखी घेतली का? घेतली नसेल तर त्यांना विचारा. कदाचित दोघी अजून तीन भागांवर पोहोचल्या नसतील आणि अक्कांनाच लाइनीची काळजी वाटत असेल. तसं असेल तर एक दिवस ठरवून त्यांना रजेवर पाठवा, साधा दिवस बघून, मोठी ऑर्डर नसताना, आणि त्या दिवशी लाइनीवरचा आकडा लिहून ठेवा. १५० च्या जागी २२० निघाले तर तो आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघींच्या समोर अक्कांना सांगा.